प्रीमियम पोचला, ब्रोकरेज कुठे अडलं?

20 ऑगस्ट 2024 ही जुलै महिन्याचा जीएसटी भरायची शेवटची तारीख होती. त्या दिवशी आमच्या फर्मने एका बिलापोटी 75,600 रुपये कर भरला. ऑफिसच्या भाड्यावर आणि सॉफ्टवेअरवर आधी भरलेल्या कराची वजावट मिळाली, पण ती थोडकी; बाकीची रक्कम चालू खात्यातून गेली. बिल होतं 4,20,000 रुपयांच्या ब्रोकरेजचं, एका विमा कंपनीच्या नावाने काढलेलं. त्यातला एक रुपयाही तोवर आमच्याकडे आला नव्हता. न मिळालेल्या पैशांवरचा कर भरून आम्ही त्या दिवशी घरी गेलो. पुढे तीन महिने काहीच हललं नाही, तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही कंपनीला एक पत्र लिहिलं. हा लेख त्या पत्राबद्दल आहे. ग्राहकांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे केले आहेत.

विमा एजंट सगळ्यांना माहीत असतो, ब्रोकर फारसा नसतो. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकर ग्राहकाचा. कारखान्याला कामगारांसाठी आरोग्य विमा हवा असेल, तर ब्रोकर चार-पाच कंपन्यांकडून भाव मागवतो, अटी तपासतो, पॉलिसी उतरवून देतो आणि क्लेम अडला तर ग्राहकाच्या बाजूने भांडतो. त्यासाठी विमा नियामकाचा, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयचा, परवाना लागतो. थेट विमा उतरवणाऱ्या ब्रोकरला किमान 75 लाखांचं भांडवल दाखवावं लागतं. एवढं करून ब्रोकरला पैसे कोण देतं? विमा कंपनी. ग्राहक पूर्ण प्रीमियम कंपनीला भरतो आणि त्यातला ठरलेला टक्का कंपनी ब्रोकरला ब्रोकरेज म्हणून देते. काम एकाचं करायचं आणि मेहनताना दुसऱ्याकडून घ्यायचा, अशी ही रचना आहे. उशीर झाला की तिची अडचण लगेच जाणवते, कारण ज्याच्याकडे थकबाकी आहे त्याच्याशीच उद्या ग्राहकाच्या क्लेमसाठी वाद घालायचा असतो.

या धंद्यात कंपनीकडे पैसे आले नाहीत म्हणून ब्रोकरेज थांबलं, असं होऊ शकत नाही. 1938 च्या विमा कायद्यातलं 64 व्हीबी हे कलम सांगतं की प्रीमियम आधी हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. पॉलिसी निघाली याचा अर्थ पैसे कंपनीच्या तिजोरीत पोचले. मग ब्रोकरेज अडतं कुठे?

ते अडतं कागदाच्या साखळीत. महिना संपला की कंपनीची यंत्रणा ब्रोकरच्या कोडखाली नोंदलेल्या पॉलिस्या गोळा करते आणि कमिशन स्टेटमेंट काढते: पॉलिसी नंबर, जीएसटी वगळून प्रीमियम, टक्का, ब्रोकरेज. ब्रोकरने ते पोर्टलवर मान्य करायचं, मग त्याच रकमेचं 18 टक्के जीएसटी लावून बिल द्यायचं. एजंटच्या कमिशनवरचा जीएसटी कंपनी स्वतः भरते. ब्रोकरला मात्र तो बिलात लावून स्वतः भरावा लागतो. बिल कंपनीच्या जीएसटीच्या नोंदीत दिसलं आणि स्टेटमेंटशी रुपयाला रुपया जुळलं, की ते पेमेंटला जातं. स्टेटमेंट उशिरा आलं तर बिल उशिरा. बिलात पॉलिसी कंपनीच्या एका राज्यातल्या जीएसटी नंबरऐवजी दुसऱ्या राज्यातल्या नंबरावर लागली तर बिल परत. आणि सगळं बरोबर असूनही कुणीतरी शेवटची मंजुरी दिली नाही, तर बिल तिथेच पडून. आमच्या 4,20,000 चं असंच झालं होतं. जूनचं स्टेटमेंट आम्ही मान्य केलं, 12 जुलैला बिल दिलं, बिलात एकही चूक निघाली नाही. शाखेत फोन केला की उत्तर यायचं, ‘मुंबईला पाठवलंय सर, प्रोसेसमध्ये आहे.’ मुंबईतून उत्तर यायचं, ‘शाखेकडून कन्फर्मेशन बाकी आहे.’

उशीर एवढाच असता तर पत्र अर्ध्या पानाचं झालं असतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑक्टोबरचं स्टेटमेंट आलं आणि त्यात आणखी दोन गोष्टी निघाल्या.

पहिली चाकणजवळच्या एका वाहन-सुटे भाग कारखान्याच्या समूह आरोग्य विम्यातली. पॉलिसी 1 एप्रिलला सुरू झाली होती, प्रीमियम 40 लाख, ब्रोकरेज साडेसात टक्के, म्हणजे तीन लाख. ते वेळेत मिळालं होतं. पण समूह विमा एप्रिलमध्ये उतरवला की संपत नाही. दर महिन्याला नवे कामगार येतात, जुने सोडून जातात, कुणाचं लग्न होतं, कुणाला मूल होतं. ही नावं जोडायला आणि काढायला दर महिन्याला पॉलिसीला एंडोर्समेंट निघते. नवीन नावांचा उरलेल्या दिवसांपुरता प्रीमियम लागतो. तो कारखान्याने कंपनीकडे आधीच ठेवलेल्या रकमेतून, ज्याला सगळे सीडी बॅलन्स म्हणतात, वळता होतो. सोडून गेलेल्यांचा उरलेला प्रीमियम त्याच खात्यात परत जमा होतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत आमच्या नोंदवहीप्रमाणे नवीन नावांचा प्रीमियम 6,40,000 होता आणि परतावा 1,60,000.

स्टेटमेंटमध्ये परताव्यापोटी आमच्याकडून 12,000 रुपये वजा केले होते. हिशेब बरोबर होता: 1,60,000 चे साडेसात टक्के. जो प्रीमियम कंपनीकडे राहिला नाही त्यावरचं ब्रोकरेज ब्रोकरकडेही राहू नये. पण नवीन नावांच्या 6,40,000 वरचे 48,000 रुपये स्टेटमेंटमध्ये कुठेच नव्हते. वजाबाकी पोचली होती, बेरीज वाटेत हरवली होती.

दुसरी गोष्ट एका गोदामाच्या आगीच्या विम्याची. 1 ऑक्टोबरला पॉलिसी निघाली, प्रीमियम 12 लाख. कंपनीच्या अधिकाऱ्याशी ईमेलवर 15 टक्के ठरले होते, म्हणजे 1,80,000. स्टेटमेंटमध्ये साडेबारा टक्क्यांनी 1,50,000 लागले होते. तफावत 30,000.

टक्क्यांचा हा वाद दोन-तीन वर्षांपूर्वी इतका सहज उभा राहिला नसता. मार्च 2023 पर्यंत कोणत्या विम्यावर जास्तीत जास्त किती कमिशन देता येईल हे नियामकाने नियमातच लिहून ठेवलं होतं. 1 एप्रिल 2023 पासून ती वेगवेगळी कमाल मर्यादा गेली. आता कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असतं आणि कमिशनसह सगळा व्यवस्थापन खर्च सर्वसाधारण विमा कंपनीने एकूण प्रीमियमच्या 30 टक्क्यांत बसवायचा असतो. कंपन्यांना त्यामुळे मोकळीक मिळाली, ब्रोकरांनाही बोलणी करता येऊ लागली. पण स्टेटमेंटमधला टक्का बरोबर की चूक हे ठरवणारा, सगळ्यांना दिसणारा तक्ता राहिला नाही. ठरलेला टक्का आता करारात, परिपत्रकात किंवा एखाद्या ईमेलमध्ये असतो. तो ईमेल ज्याने जपला, त्याच्याकडे पुरावा. गोदामाची पॉलिसी उतरवताना ज्या अधिकाऱ्याने 15 टक्के लिहून दिले होते त्याची नोव्हेंबरपर्यंत बदली झाली होती. ईमेल सापडला नसता तर आमची बाजू तोंडी राहिली असती.

आमच्या अकाउंट्सच्या ताई बावीस वर्षं हेच काम करताहेत. स्टेटमेंट हातात आलं की त्या आधी रक्कम बघत नाहीत. त्या पॉलिसी काढतात आणि तिच्या पहिल्या पानावर मध्यस्थाचं नाव आणि कोड कोणता छापलाय ते बघतात. हरवलेलं ब्रोकरेज शोधायची ही सगळ्यात उपयोगी जागा आहे. कागदावर आमचा कोड आहे आणि तरी स्टेटमेंटमध्ये नोंद नाही, तर चूक कमिशन काढणाऱ्या विभागात. कागदावर आमचा कोडच नाही, तर चूक पॉलिसी काढतानाच झालेली असते आणि मुंबईला कितीही फोन केले तरी ती दुरुस्त होत नाही. शाखेतूनच सुधारावी लागते. कारखान्याच्या मूळ पॉलिसीवर आमचं नाव होतं. सहाही महिन्यांच्या नवीन नावांच्या एंडोर्समेंटवर मध्यस्थाच्या रकान्यात छापलं होतं, ‘डायरेक्ट’.

कारणही मग कळलं. एप्रिलपासून कंपनीने कारखान्याच्या एचआर विभागाला एक पोर्टल दिलं होतं. नवीन नावं एचआर तिथे थेट चढवायचं. यंत्रणेने त्याचा अर्थ लावला की हे काम ग्राहकाने मध्यस्थाशिवाय केलं. काढायच्या नावांची यादी मात्र जुन्या पद्धतीने आमच्यामार्फत ईमेलने जायची, म्हणून परताव्याला आमचा कोड लागला आणि वजावट आमच्या खात्यात आली. कुणी लबाडी केली नव्हती. पण ही चूक आपोआप उघड होणारी नसते, कारण कंपनीच्या हिशेबात ती चूक दिसतच नाही. तिथे सगळं जुळतं. ती फक्त त्याच्याच लक्षात येते ज्याने स्वतःची वेगळी नोंदवही ठेवली आहे. लहान ब्रोकर फर्ममध्ये अशी नोंदवही ठेवायला माणूस नसतो, आणि माझी खात्री आहे की अशा एंडोर्समेंटवरचं पुष्कळ ब्रोकरेज न मागताच राहून जातं.

आता पेच असा होता. ऑक्टोबरचं स्टेटमेंट पोर्टलवर मान्य करावं की नाही? मान्य केलं, तर उद्या कंपनी म्हणू शकते की साडेबारा टक्के तुम्हीच कबूल केलेत. नाकारलं, तर त्यातली ज्याबद्दल वादच नाही ती रक्कमही अडकते, कारण पोर्टलवर स्टेटमेंट पूर्ण मान्य करता येतं किंवा पूर्ण नाकारता येतं. अर्धं मान्य करायची सोय नव्हती. बरेच ब्रोकर इथे थकून मान्य करून टाकतात. आम्ही स्टेटमेंट मान्य केलं, पण त्याच दिवशी ईमेलने कळवलं की ही मान्यता फक्त दाखवलेल्या रकमेचं बिल काढता यावं म्हणून आहे, ती पूर्ण आणि अंतिम हिशेब समजू नये, आणि दोन बाबींवर स्वतंत्र पत्र येत आहे. कारकुनी वाटणारं हे एक वाक्य आठवडाभर उशिरा लिहिलं असतं तर त्याची किंमत निम्म्याने घटली असती.

जुलैच्या बिलाबद्दल एक भक्कम कागद आम्हाला नोव्हेंबरच्या मध्यावर मिळाला, तोही आयकर खात्याच्या संकेतस्थळावर. विमा कमिशनवर कंपनीला कर कापून भरावा लागतो. आयकर कायद्याच्या 194 डी कलमाखाली आमच्यासारख्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला त्या वर्षी तो दर 10 टक्के होता. कलमातले शब्द महत्त्वाचे आहेत: रक्कम खात्यावर जमा धरताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी होईल तेव्हा कर कापायचा. म्हणजे कंपनीने तुमचे पैसे दिले नसले तरी स्वतःच्या वहीत ‘यांना देणं आहे’ अशी नोंद केली की टीडीएस कापला जातो. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं टीडीएस विवरण 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं आणि मग ते आपल्या 26 एएसमध्ये उमटतं. ताईंनी ते उघडलं. 31 जुलैची नोंद होती: रक्कम 4,20,000, कापलेला कर 42,000.

ज्या बिलाबद्दल शाखा आणि मुंबई एकमेकांकडे बोट दाखवत होत्या, ते कंपनीच्या वहीत जुलैमध्येच देणं म्हणून चढलं होतं. त्यावरचा करही सरकारला पोचला होता. फक्त आम्हाला द्यायचे 4,53,600 रुपये (4,20,000 अधिक जीएसटी 75,600, वजा टीडीएस 42,000) कंपनीच्याच खात्यात होते. ब्रोकरेज थकलेल्या कुणालाही मी पहिलं हेच विचारतो: 26 एएस बघितलं का? तिथे नोंद असेल तर ‘देणं आहे की नाही’ हा वाद जवळपास संपतो, फक्त ‘कधी देणार’ एवढं उरतं. नोंद नसेल तर बिल कंपनीच्या हिशेबात पोचलेलंच नाही असं समजून आधी ते शोधावं.

मग पत्र. आमच्या सरांचा पहिला मसुदा तीन पानांचा होता आणि त्यात चौदा वर्षांचे संबंध, मनस्ताप, अपेक्षाभंग असं बरंच होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण हे पत्र वाचणारा माणूस आमचा ओळखीचा शाखा-अधिकारी नसतो. मुंबईतल्या हिशेब विभागात रोज अशी वीस पत्रं उघडणारी एखादी व्यक्ती असते. तिला आमच्या भावनांवर मंजुरी देता येत नाही. पॉलिसी नंबर, रक्कम आणि कागद यांवर देता येते. ताईंनी मसुदा पुन्हा लिहिला आणि तीन रकमा तीन परिच्छेदांत वेगळ्या केल्या, कारण प्रत्येक रक्कम वेगळ्या टेबलावरून सुटणार होती. 27 नोव्हेंबरला गेलेलं पत्र अर्थात इंग्रजीत होतं. मराठीत त्याचा गाभा असा:

‘विषय: जुलै 2024 च्या बिलाची थकबाकी आणि ऑक्टोबर 2024 च्या कमिशन स्टेटमेंटमधील तफावत.

1. आमचं 12 जुलैचं बिल, ब्रोकरेज 4,20,000, आपल्या जूनच्या स्टेटमेंटशी तंतोतंत जुळतं. आपण त्यावर 31 जुलैच्या नोंदीने 42,000 टीडीएस कापला आहे; 26 एएसची प्रत जोडली आहे. या बिलावरचा जीएसटी आम्ही 20 ऑगस्टला भरला आहे. देय 4,53,600 रुपये सात दिवसांत जमा करून यूटीआर नंबर कळवावा. या रकमेबद्दल आमच्या माहितीप्रमाणे कोणताही वाद नाही. असल्यास तो लेखी कळवावा.

2. समूह आरोग्य पॉलिसीच्या एप्रिल ते सप्टेंबरच्या नवीन नावांच्या एंडोर्समेंट ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदल्या आहेत. मूळ पॉलिसीवर मध्यस्थ म्हणून आमचं नाव आहे आणि ग्राहकाने वर्षासाठी आमच्या नेमणुकीचं पत्र दिलेलं आहे; दोन्ही जोडले आहेत. कोड दुरुस्त करून 6,40,000 प्रीमियमवर 48,000 ब्रोकरेज पुढच्या स्टेटमेंटमध्ये घ्यावं. परताव्यापोटी वजा केलेले 12,000 आम्हाला मान्य आहेत.

3. आगीच्या विम्यावर ठरलेला दर 15 टक्के आहे, आपला ईमेल जोडला आहे; 12.5 टक्क्यांनी हिशेब झाला आहे. तफावत 30,000.

आमची फर्म उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उपक्रम आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याखालील आमचे हक्क राखून ठेवत आहोत. या पत्राचा ग्राहकांच्या सेवेवर किंवा चालू क्लेमवर कोणताही परिणाम होणार नाही.’

‘12,000 आम्हाला मान्य आहेत’ हे वाक्य सरांना नको होतं. ‘आपणहून कशाला लिहायचं?’ ताई म्हणाल्या, ‘सर, ते बरोबर आहेत. आणि आपण बरोबर तेच मागतोय हे त्यांना यावरूनच कळेल.’ ते राहिलं.

उद्यम नोंदणीचं वाक्य छोटं आहे, पण त्यामागे बरंच आहे. 2006 च्या या कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उपक्रमाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर 16 व्या कलमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. त्या काळात बँक दर 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज 20.25 टक्के. 12 जुलैपासून 45 दिवस 26 ऑगस्टला भरतात. तिथून तीन महिन्यांचं 4,53,600 वरचं व्याज 23,300 च्या आसपास होतं. मग ते पत्रात मागितलं का नाही? एक कारण कायद्याचं आहे. हे कलम ‘खरेदीदारा’ला लागू होतं, आणि ब्रोकर सेवा देतो ग्राहकाला, मग विमा कंपनी खरेदीदार कशी, असा मुद्दा कंपनीचा वकील नक्की काढेल. बिल कंपनीच्या नावाने आहे आणि जीएसटीही तिच्यावर आहे, हे आमच्या बाजूचं उत्तर. पण ते फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे लढून मिळवावं लागलं असतं. दुसरं कारण साधं होतं. 23,300 रुपयांचा वाद मध्ये आणला तर निर्विवाद 4,53,600 सुद्धा विधी विभागात जाऊन बसले असते. हक्क राखून ठेवला, मागणी केली नाही.

ब्रोकरच्या हातात काय नसतं, तेही सांगायला हवं. लोक विचारतात, पुढच्या प्रीमियममधून कापून का घेत नाही? तो पैसा ग्राहकाचा असतो आणि ज्या दिवशी तो पूर्ण पोचत नाही त्या दिवशी ग्राहकाचं संरक्षण धोक्यात येतं. 2002 साली ब्रोकरांसाठी पहिले नियम आले तेव्हाच त्यात लिहिलं होतं की ब्रोकरेजचा हिशेब कंपनीने दरमहा पुरा करावा आणि येणं-देणं एकमेकांत वळतं करू नये. त्या वाक्याचा पहिला भाग आमच्या बाजूचा, दुसरा आम्हाला बांधणारा. दोन्ही रास्त आहेत. विमा लोकपालाकडेही जाता येत नाही. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, पण ते पॉलिसीधारकांच्या तक्रारींसाठी. उरते पत्रापत्री, कौन्सिल किंवा दिवाणी दावा, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत. म्हणून तर पत्राला लेखी उत्तर मिळवायचं. देणं मान्य असल्याचं मुदतीच्या आत, सहीनिशी लिहून आलं की मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. फोनवरच्या ‘प्रोसेसमध्ये आहे’ने एक दिवसही वाढत नाही.

पत्र रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने गेलं. शाखेची प्रत हाती नेऊन आवक शिक्का घेतला. त्याच आठवड्यात त्याच कंपनीकडे कारखान्यातल्या एका कामगाराच्या वडिलांच्या बायपासच्या कॅशलेस मंजुरीसाठी आमची माणसं पाठपुरावा करत होती. पत्राचा विषय त्या बोलण्यात एकदाही निघाला नाही, आमच्याकडूनही नाही आणि त्यांच्याकडूनही. या धंद्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड शिस्त हीच आहे. ज्याच्याकडे आपले साडेचार लाख अडकलेत त्यालाच रात्री दहा वाजता फोन करून दुसऱ्याच्या मंजुरीची विनंती करायची, आणि आवाज तोच ठेवायचा.

6 डिसेंबरला 4,53,600 रुपये जमा झाले. सोबत कसलंही पत्र नव्हतं. आगीच्या विम्याचा टक्का डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये सुधारून आला. यंत्रणेत जुना दर तसाच राहिला होता, इतकंच उत्तर मिळालं. एंडोर्समेंटचं उत्तर सगळ्यात उशिरा, जानेवारीच्या अखेरीस आलं, आणि ते वाचून ताई थोड्या गप्प झाल्या. कंपनीने पाच महिन्यांचा कोड दुरुस्त केला होता. ऑगस्टमधल्या 40,000 प्रीमियमच्या एका एंडोर्समेंटबद्दल मात्र त्यांनी दाखवून दिलं होतं की ती आधीच्या चुकलेल्या एंडोर्समेंटच्या जागी निघाली होती. पहिली रद्द झाली होती. आमच्या नोंदवहीत दोन्ही जमा होत्या. म्हणजे 48,000 नव्हे, 45,000. तीन हजारांची चूक आमची होती. आम्ही ती त्याच दिवशी लेखी मान्य केली आणि 45,000 अधिक 30,000, असं 75,000 चं बिल दिलं. जीएसटी 13,500, टीडीएस 7,500. हातात आले 81,000, या वेळी छत्तीस दिवसांत.

यानंतर एक नवा पेच उभा राहिला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी माफ झाला. ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण प्रीमियमवर कर नाही म्हटल्यावर कमिशनवर भरलेल्या जीएसटीची वजावटही कंपन्यांना मिळेनाशी झाली, आणि अनेक कंपन्यांनी ठरलेलं कमिशन करासहित धरायला सुरुवात केली. स्टेटमेंटमध्ये 15 टक्केच छापलेले असतात. पण त्यातून 18 टक्के जीएसटी बाजूला काढला की उरतात 12.71. इथे टक्का बघून तफावत कळत नाही, शेवटच्या रकान्यातली करपूर्व रक्कम बघावी लागते. समूह विम्यावर कर आहे तसाच आहे, त्यामुळे एकाच स्टेटमेंटमध्ये दोन्ही पद्धती शेजारीशेजारी येतात.

ताईंच्या नोंदवहीत आता दोन रकाने वाढले आहेत. एकात एंडोर्समेंटवर छापलेला मध्यस्थाचा कोड, दुसऱ्यात ती एंडोर्समेंट आधीच्या कुठल्या कागदाच्या जागी आली आहे का. कारखान्याच्या एचआरला आम्ही विनंती केली आहे की नावं पोर्टलवरच चढवा, फक्त पोच आम्हाला पाठवा. ती दर महिन्याच्या पाच तारखेला येते. सहा तारखेला ताई एंडोर्समेंटचं पहिलं पान उघडतात आणि रक्कम बघायच्या आधी कोड बघतात.